सहा अक्षरांची आनंदी

आनंदीकाकूंबद्दल बोलायचं म्हटलं की माझं डोकं आधी तापतं, मग रडू येतं. म्हणून तापलेलं असतानाच सांगून टाकते.

मी जयश्री. इकडे गुजरातेत, पर्वत पाटियाला एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर माझं बल्क एसएमएसचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, तोही रुसलेला. साडीवाले, क्लासवाले, दवाखानेवाले येतात, त्यांच्या धंद्याचं नाव आणि मेसेजचे नमुने टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर मी नोंदवून देते. हल्ली कुणालाही उठून हजार लोकांना मेसेज टाकता येत नाही. आधी धंद्याची नोंदणी, मग नावाची, मग मेसेजच्या शब्दांची. तुम्हाला मोबाइलवर नंबराऐवजी जे सहा इंग्रजी अक्षरांचं नाव दिसतं ना, त्याला हेडर म्हणतात. ते एकदा एकाला मिळालं की दुसऱ्याला मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

आनंदीकाकू आमच्या डिंडोलीतल्या. त्यांचं मसाला कांडपाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. माघ संपला की अख्खी गल्ली शिंकायला लागायची. नंदुरबारची मिरची पोत्यांनी यायची, बाया पिशव्या घेऊन रांग लावायच्या आणि काकू मशीनपाशी पदर नाकाला बांधून उभ्या. मिरची किती भाजायची, खोबरं कधी काढायचं, दगडफूल किती, हे कुणाला विचारायचं नाही. "तू जाय घर, मी पाहस," म्हणायच्या. घरी जा, मी बघते. आणि खरंच बघायच्या. हिलालकाका, म्हणजे त्यांचे मिस्टर, पांडेसऱ्यात डाईंग मिलमध्ये होते. ते गेले तेव्हा ललित शाळेत होता. तिथपासून त्या मशीनच्या जिवावर घर चाललं, ललित बी. कॉम. झाला, मार्केटात एका साडीच्या गद्दीवर, म्हणजे पेढीवर, बिलिंगला लागला. आपल्या खानदेशातून आलेल्या घरांमध्ये "आनंदीचा मसाला" म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे. उधना, लिंबायत, पांडेसरा, कुठून कुठून माणसं यायची.

आता या बाईला मेसेज कशाला हवे होते? तर गिऱ्हाईक मिरची टाकून मिलच्या पाळीला जायचं, परत येऊन बघायचं तर कांडप झालेलं नसायचं, मग भांडण. "सकाळपासून पडलंय माझं, तिचं आधी कसं केलं?" काकू एकेकीला फोन लावत बसायच्या आणि इकडे मशीनवर मिरची करपायची. व्हॉट्सअॅपचं म्हणाल तर निम्म्या बायांकडे बटणांचे फोन. मीच म्हटलं, काकू, मेसेज चालू करा. मसाला तयार झाला की टोकन नंबराचा मेसेज जाईल, हंगाम सुरू झाला की सगळ्यांना एक जाहिरातीचा जाईल.

काकूंना फार आवडलं. "आणि वर मन्हं नाव येईन?" त्यांनी विचारलं.

"येईल की. इंग्रजीत आनंदी बरोबर सहा अक्षरांचं होतं. तुमच्यासाठीच केलंय जणू."

त्या अशा हसल्या की मला वाटलं, चला, एक काम तरी आज पुण्याचं झालं. पुण्य! माझं नशीब.

घोळ कागदावर झाला. काकूंच्या पॅन कार्डावर नाव रंजना. आधारवर रंजना. शाळेच्या दाखल्यावर रंजना. आनंदी कुठंच नाही. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ना, त्यातली ही आनंदी. नाव सासूनं, सुभद्राबाईनं ठरवलेलं. जुनं नाव घरात कुणी पुन्हा उच्चारायचं नाही, अशी तंबी होती म्हणे. काकूंनी ते इतकं पाळलं की रंजना म्हणून हाक मारली तर त्या मागं वळून बघायच्या, दुसरं कोण आलं म्हणून. ताटातले तांदूळ पुढं कुणी तरी शिजवून खाल्ले असतील, पण नाव राहिलं. फक्त ते सरकारदरबारी कुणी नेऊन दिलं नाही. आणि दुकानाचा गुमास्ता परवाना हिलालकाकांच्या नावावर, तोही काकांच्या माघारी तसाच पडलेला.

मी धंद्याची नोंदणी काकूंच्या पॅनवर टाकली, ती मंजूर झाली. मग हेडरचा अर्ज टाकला: ANANDI. दोन दिवसांत परत आला. शेरा असा, की मागितलेल्या नावाचा नोंदणीतल्या नावाशी संबंध दिसत नाही, पुरावा जोडा. बरोबरच आहे त्यांचं. उद्या कुणीही उठून बँकेचं नाव मागेल आणि लोकांना लुबाडेल, म्हणून तर हा नियम केलाय.

"मग रंजना टाकू?" मी विचारलं. "ते लगेच मिळेल."

"रंजनाले कोण ओयखस व माय!" काकू म्हणाल्या. ओळखतं कोण तिला.

उपाय होता, आणि सोपा होता, हेच तर माझ्या डोक्यात जातं. सरकारची उद्यमची, म्हणजे लहान धंद्याची, नोंदणी फुकट होते, घरबसल्या. त्यात मालकीण रंजना आणि धंद्याचं नाव 'आनंदी मसाले' लिहायचं, तो कागद हेडरच्या अर्जाला जोडायचा, झालं. पण उद्यमला आधारचा ओटीपी लागतो आणि काकूंच्या आधारला जोडलेला नंबर हिलालकाकांचा, कधीचा बंद पडलेला. म्हणजे आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला, तिथली रांग, मग तो बदल होईपर्यंत थांबा. मी म्हटलं, "काकू, थांबा. एवढा एक हंगाम मेसेजशिवाय गेला तर काही बिघडत नाही. कागद तुमच्या नावावर होऊ द्या."

तेव्हा ललित शेजारच्या खुर्चीवर बसला होता. शर्टाला इस्त्री, बोलणं गोड, माझ्याशी मराठी, फोनवर गुजराती. म्हणाला, "कशाला थांबायचं? माझ्या आधारवर काढू. थई जशे, उद्याच होऊन जाईल. आईचं काय आणि माझं काय."

मी काकूंकडे बघून स्पष्ट सांगितलं. तोंडदेखलं नाही, कानीकपाळी ओरडून सांगितलं. "ज्याच्या नावावर नोंदणी, त्याचं हेडर. मेसेज कुठला जायचा, तो ठरवणार. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार. उद्या तुम्ही म्हणालात माझं नाव मला द्या, तर पोर्टल तुम्हाला ओळखणार नाही."

काकूंना राग आला. माझा. "मन्हं नाव मन्हा आंडोरकडे नही जाई, ते कोठे जाई?" पोराकडे नाही तर कुठं जाणार? "तुला काय वाटतं, माझा ललित परका आहे?"

ललित नुसता हसला. गरीब गाय चेहरा. मी पोर्टल उघडलं; आईसमोर पोराला नावं ठेवणारी मी कोण टिकोजीराव?

ललितच्या आधारवर उद्यम निघालं, 'आनंदी मसाले', मालक ललित हिलाल. त्याच्या पॅनवर नवी नोंदणी झाली आणि ANANDI हेडर लगेच मंजूर झालं. मग मेसेजचे नमुने. मी काकूंना समजावलं, की नमुना एकदा मंजूर झाला की त्यातला शब्द हलत नाही. हलवला तर मेसेज वाटेतच अडतो. बदलणारी गोष्ट जिथं असेल, नाव, टोकन, तारीख, तिथं मोकळी जागा सोडायची, तिला व्हेरिएबल म्हणतात. बाकी सगळं पक्कं. पहिला नमुना सोपा होता: "नमस्कार, आपला मसाला तयार आहे. टोकन" पुढं मोकळी जागा, "घेऊन जावे. आनंदी मसाले." हा सेवेचा मेसेज, हा ANANDI नावानं जाणार. दुसरा जाहिरातीचा. त्याला नाव नाही, सहा आकडे दिसणार.

"आकडे?" काकूंचा चेहरा पडला. "मग लोकांना कसं कळेल मी बोलतेय?"

"आत नाव घालू ना. तुम्ही सांगा काय लिहायचं, तसंच्या तसं लिहिते."

काकू खुर्चीत सावरून बसल्या. पदर नीट केला, जसं कुणी फोटो काढतंय. आणि सांगायला लागल्या, शुद्ध बोलायचं म्हणून थांबत थांबत. "मिरची चांगली आलीय. मी स्वतः मशीनपाशी उभी आहे. या." मग म्हणाल्या, "खाली लिही, आनंदी मसाले, दिंडोली." शुद्ध बोलायच्या नादात डिंडोलीची त्यांनी दिंडोली केली, मला हसू आलं, त्याही हसल्या.

मी टाइप करत होते, तेवढ्यात ललित म्हणाला, "गावाचं नाव पक्कं नको. तिथं मोकळी जागा ठेवा."

"जागा कोरी कशाला?" काकूंनी विचारलं.

"उद्या दुसरी शाखा काढली तर? परत नवा नमुना, परत मंजुरी."

"दुसरी शाखा!" काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. "ऐकलंस? मन्हा आंडोर दुसरी शाखा काढी ऱ्हायना!"

जागा कोरी राहिली.

मंजुरी आली त्या दिवशी चाचणीचा पहिला मेसेज मी काकूंच्या नंबरावर टाकला. ललितच्या यादीत पहिला नंबर आईचाच होता. फोन वाजला, काकूंनी उघडला, वर ANANDI. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण तेवढी सहा अक्षरं त्यांनी मला विचारून विचारून पाठ केली, एकेकावर बोट ठेवून. तो मेसेज त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकीला दाखवला. दूधवाल्याला दाखवला. "बघा, कंपनीनं माझं नाव घेतलंय." मशीनचं टोकन लावणाऱ्या पोरीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना तो मेसेज तोंडपाठ झाला होता.

दोन हंगाम झकास गेले. मग ललितचं लग्न झालं, धनश्री आली. सासरच्यांनी हात दिला आणि ललितनं पर्वत पाटियाला काचेचं दुकान काढलं. दुसरी शाखा म्हणून काकूंच्या हस्तेच नारळ फोडला. काकूंनी उद्घाटनाला पैठणी नेसली. तिथं कांडप नव्हतं, छापील पाकिटं होती. पाकिटावर लिहिलेलं, 'आनंदीच्या हाताची चव'.

काकूंनी पाकीट फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि तिथंच थुंकल्या. मी होते तिथं, माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यात रंग होता आणि जुनी मिरची. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यात माझा हात कुठाय?" धनश्री म्हणाली, "मम्मी, आता कोण हातानं करतं?"

पुढं काय व्हायचं तेच झालं. डिंडोलीच्या दुकानात बाया विचारायच्या, "काकू, पाकीट घेऊ का? स्वस्त आहे." काकू खरं सांगायच्या. "ते घेऊ नको माय. त्यात मी नाही." पोराची बदनामी करायची म्हणून नाही, त्यांना खोटं बोलताच यायचं नाही. खोटं न बोलता येणाऱ्या माणसानं धंदा करू नये आणि पोरं तर मुळीच वाढवू नयेत, असं मला त्या वर्षी फार वाटलं. पाकिटं पडून राहायला लागली. ललित आईला म्हणाला, बस आता घरी, दुकान बंद कर. काकू म्हणाल्या, मशीन बंद केलं तर मी काय करू, भिंती बघू?

आणि एका दुपारी ललित माझ्या ऑफिसात आला. खुर्ची ओढली, मोबाइल पुढं केला. "हा नमुना टाकायचाय."

मी वाचला. "सूचना: आनंदी मसाले यांचे एकमेव दुकान" पुढं मोकळी जागा, "येथे आहे. दिंडोली येथील दुकानाशी आमचा काहीही संबंध नाही. फसवणुकीपासून सावध राहा. आनंदी मसाले."

दिंडोली! आईनं जसं लिहायला सांगितलं होतं तसंच लिहून आणलं होतं मेल्यानं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "दिंडोलीत कोण आहे, तुला माहीत नाही?"

"जयश्रीबेन, कागद बघा. आनंदी मसाले कुणाच्या नावावर आहे? मग तिकडं जे चालू आहे ते काय आहे?" शांतपणे बोलला. "आई ऐकत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की आपोआप बसेल घरी. तिच्या भल्यासाठीच आहे."

"चालता हो," मी म्हटलं. "माझ्या टेबलावरून हे जाणार नाही."

तो उठला. "तुम्ही नाही तर दुसरा करेल. चालशे." आणि केलंच दुसऱ्यानं. एजंट काय, पायलीला पन्नास. मी मनात नवस बोलले, की नमुना परत येऊ दे, काही तरी चूक निघू दे. पण चूक निघणार कुठून? मंजुरी देणारा बघतो काय, तर धंद्याचं नाव मजकुरात आहे ना, लिंक नाही ना, मोकळ्या जागा जास्त नाहीत ना. शब्द ठीक, नाव ठीक, कागद ठीक. त्या शब्दांच्या पलीकडे एक बाई पदर नाकाला बांधून उभी आहे, हे त्याला कोणत्या रकान्यात दिसणार? नमुना मंजूर झाला.

मी काकूंना सांगायला गेले होते. नाही असं नाही. त्या मशीनचा पट्टा बदलत होत्या. मी म्हटलं, "काकू, ललितवर जरा लक्ष ठेवा." त्यांनी पाना खाली ठेवला. "जयू, मन्हा पोरबद्दल एक शबद बोलू नको." मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत आले. आईला हे तोंडानं कसं सांगतात, मला आजही माहीत नाही.

दोन दिवसांनी काकू माझ्या ऑफिसात आल्या. जिना चढून धापा टाकत, पण तोंडभर हसत. हातात मसाल्याची पिशवी, दरवर्षी मला आणायच्या तशी, आणि दुसऱ्या हातात फोन.

"मेसेज आला गं! माझ्या नावाचा! बघ, ए, एन, ए, एन, डी, आय." सहाही अक्षरं बोटानं दाखवली. "अजून उघडला नाही, म्हटलं तुझ्यासमोर वाचते. हंगामाचा असेल."

मी म्हटलं, "काकू, असू द्या, नंतर वाचा."

"थांब तर." चष्मा लावला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक शब्द बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. "सूचना. आनंदी मसाले यांचे, एकमेव दुकान, पर्वत पाटिया, येथे आहे." थांबल्या. "एकमेव म्हणजे?" मी सांगितलं, एकच. पुढं वाचलं. "दिंडोली येथील, दुकानाशी, आमचा, काहीही संबंध नाही. फसवणुकीपासून, सावध राहा."

चष्मा वर सरकवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि संतापल्या. "कोण गं ही रांड? माझ्या नावावर दुकान लावून बसलीय डिंडोलीत? आणि मला पत्ता नाही! बरं झालं ललितनं सगळ्यांना सावध केलं. कुठल्या गल्लीत आहे ती? चल, दाखव मला."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

"बोल की! कुठं आहे?"

"काकू," मी म्हटलं, "डिंडोलीत आनंदी मसाले नावाची दुकानं किती आहेत?"

"एकच. माझं."

हे बोलल्या आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूच मिटलं. त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांपुढं धरला आणि तोच मेसेज वाचला, या वेळी मनात. वर बोट नेऊन सहा अक्षरांवरून एकदा फिरवलं. मला वाटलं आता रडतील. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे सगळ्यांना गेलंय?"

"हो."

"सुभद्राबाईचं माहेर आहे उधन्याला, त्यांनाही?"

"यादीत असतील तर त्यांनाही."

"तू परत घेऊ शकत नाहीस?"

"गेलेला मेसेज परत येत नाही काकू. आणि नाव त्याच्याकडे आहे. मी तुमच्या नावानं एक ओळ पाठवू शकत नाही." मग माझा पारा चढला. "पण गप्प बसू नका. तक्रार करू. वकील बघू. तुमचं दुकान त्याच्या जन्माआधीपासूनचं आहे, अख्खी डिंडोली साक्ष देईल. खोटा मेसेज टाकला हे सिद्ध झालं की त्याचं हेडरही बंद पडू शकतं, नोंदणी जाऊ शकते, पोलीस केससुद्धा होईल. होऊ दे त्याचं वाटोळं!"

मी रागाच्या भरात बोलत होते आणि काकू ऐकत होत्या. फार लक्ष देऊन ऐकत होत्या.

"मेसेज खोटा ठरला तर त्याला त्रास होईल?" त्यांनी विचारलं.

"व्हायलाच पाहिजे!"

"आणि खरा ठरला तर?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी मसाल्याची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, चष्मा डबीत घातला आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत खरडल्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन बघते तर काकू स्टुलावर उभ्या, हातात उलथनं, दुकानाच्या पाटीवरचं 'आनंदी' खरवडून काढत होत्या. मी धावत गेले, हात धरला, नको नको ते बोलले. "अहो काय करताय हे? तुम्हीच हरल्यासारखं का वागता? तोंडात मारायची त्याच्या, तर तुम्ही दुकान बंद करताय?"

"हात सोड," त्या म्हणाल्या. "पोराचं बोलणं चार लोकांत खोटं पडू नये." आणि पुन्हा खरवडायला लागल्या. 'मसाले' तसंच ठेवलं. मशीन त्यांनी ललितलाच देऊन टाकलं. त्यानं ते नेऊन काचेच्या दुकानात शोभेला ठेवलं, झेंडूची माळ घालून. ते चालू कधीच केलं नाही.

लोकांचं तर विचारूच नका. ज्या बाया वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खात आल्या, त्यांच्यातल्याच निम्म्या म्हणायला लागल्या, "काही तरी केलं असेल बाईनं, उगाच पोरगं असं लिहील का?" फोनवर नाव येतं ना, म्हणजे ते खरंच असणार. असल्या बायांना मी मसाला तर सोडाच, पाणीसुद्धा पाजलं नसतं.

काकू काही दिवस दिसल्या नाहीत. ललितकडे राहायला गेल्या असं कुणी म्हणालं, गावी गेल्या असं कुणी म्हणालं. मी ललितच्या दुकानाच्या पायरीला पाय लावत नाही, त्यामुळे मला काही कळलं नाही.

या फेब्रुवारीत मी पांडेसऱ्याला एका मिरचीच्या गोदामावर गेले होते. त्यांना मेसेजची नोंदणी करायची होती. आत बाया रांगेनं बसून मिरचीचे देठ खुडत होत्या, तोंडाला फडकी बांधून. कोपऱ्यातली एक खोकली आणि मी खोकल्यावरून ओळखलं. आनंदीकाकू. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी फडकं खाली केलं, हसल्या, पण आनंदीकाकू म्हणून हाक मारू देईनात. शेजारणीनं विचारलं, "रंजना, कोण गं ही?"

"आमच्या गल्लीतली आहे," काकू म्हणाल्या. रंजना म्हणताच त्यांनी लगेच ओ दिली होती, जराही वळून न बघता.

ढीग होता समोर, मी पण चार मिरच्यांचे देठ खुडले. तेवढ्यात त्यांच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

"बघ गं काय आहे," त्या मला म्हणाल्या. "हात मिरचीचे आहेत, डोळ्याला लागेल."

मी फोन काढला. वर सहा आकडे होते. मला कळलं. मी म्हटलं, "काही नाही काकू, जाहिरात आहे."

"वाच की," शेजारीण म्हणाली. "तेवढंच मन रमतं."

काकूंनी मान हलवली, वाच. मी वाचलं. "मिरची चांगली आलीय. मी स्वतः मशीनपाशी उभी आहे. या. आनंदी मसाले, पर्वत पाटिया."

"बरी बाई दिसते," शेजारीण म्हणाली. "एवढं मोठं दुकान आणि स्वतः उभी राहते. रंजना, तू त्या बाजूची ना? ओळखतेस का तिला?"

काकूंनी एक मिरची उचलली, देठ खुडला, मिरची ढिगात टाकली.

"नाही गं," त्या म्हणाल्या.